खिडकी मोजली, वारा कोणी मोजायचा? : मा. शालेय शिक्षण मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी माझी सातवीतली मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली. पश्चिमेकडून तिरपा पाऊस आत येत होता, म्हणून बाईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि बाकीच्या मुली वह्यांनी वारा घेत होत्या. याच वर्गांच्या नूतनीकरणाच्या वेळी "हवेशीर वर्ग" देऊ, असे आम्हा पालकांना सभेत सांगितले गेले होते.

शिरोलीच्या फाउंड्रीत हवा खेळती ठेवण्याचे काम मी २२ वर्षे केले. म्हणून दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन टेप, उदबत्ती आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेऊन त्या वर्गात बसलो. खिडक्या बंद झाल्यावर ३५ मिनिटांत मीटर २४०० पीपीएमवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडच्या २४०० भागांवर गेला. व्हरांड्याकडच्या झरोक्याशी धरलेल्या उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, बाहेर ओढला गेला नाही.

वर्ग ८ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच. मुली ४५ आणि बाई एक. माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरली, तर वर्गाला सेकंदाला ०.३७ घनमीटर हवा लागते. पश्चिमेच्या तीन खिडक्या कागदावर ४.३२ चौरस मीटरच्या आहेत. पण सरकती खिडकी अर्धीच उघडते आणि डासांची जाळी उरलेल्याचा सुमारे तिसरा हिस्सा खाते, म्हणून हवेला खरी वाट मिळते ती १.४४ चौरस मीटरची. समोरची, व्हरांड्याकडची भिंत नूतनीकरणात बंद केली गेली. तिथे उरले दोन झरोके, मिळून ०.३६ चौरस मीटर.

वारा एका बाजूने आत येतो तो दुसऱ्या बाजूने बाहेर जाता आले तरच, त्यामुळे दोन्हींतली लहान वाटच प्रवाह ठरवते. राष्ट्रीय इमारत संहितेतले साधे सूत्र असे: प्रवाह म्हणजे ०.६ गुणिले उघडी जागा गुणिले वाऱ्याचा वेग. वारा तिरका आला तर ०.६ ऐवजी ०.३. खिडकीशी वारा सेकंदाला १ मीटर धरून आणि दोन्ही बाजूंच्या असमान जागांचा एकत्र हिशेब करून या वर्गाला समोरच्या वाऱ्यात ०.३० घनमीटर मिळते, तिरक्या वाऱ्यात ०.१५. गरज ०.३७ ची आहे.

माझ्या तक्रारीवर आपल्या विभागाचे उत्तर आले, "पश्चिमेच्या खिडक्या वाढवू." साहेब, त्या दुप्पट केल्या तरी हवा जेमतेम दोन टक्के वाढेल! त्याऐवजी व्हरांड्याच्या भिंतीत बीमखाली ४.८ मीटर लांब आणि ०.३ मीटर उंच उघडी पट्टी ठेवा. दोन्ही बाजू किमान १.४४ च्या होतील आणि तिरक्या वाऱ्यातही ०.४३ घनमीटर मिळेल. या पट्टीला जाळी लावायची असेल तर जाळीने खाल्लेली जागा लांबीत वाढवून द्यावी लागेल. एप्रिलच्या दुपारी बाहेरचीच हवा तापलेली असते, तेव्हा यातून गारवा येणार नाही. पण श्वासापुरती हवा येईल.

उरतो पाऊस. कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, म्हणजे वारा सर्वांत चांगला असतो नेमक्या त्याच दिवसांत खिडक्या बंद असतात. यासाठी यंत्राची जोड हवी. व्हरांड्याच्या भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे, मिळून तासाला किमान १३५० घनमीटर हवा काढणारे, आणि पश्चिमेला खिडकीखाली पाऊस अडवणारी अर्धा चौरस मीटरची तिरप्या पट्ट्यांची झडप. खिडक्या लावल्या किंवा मीटर १००० च्या वर गेला, की पंखे सुरू करायचे. त्या वेळी व्हरांड्याचे दार, झरोके आणि वरची पट्टी बंद ठेवायला हवी, नाहीतर पंखे व्हरांड्यातलीच हवा फिरवून पुन्हा बाहेर टाकतील. छताचा पंखा हे काम करत नाही, तो आतलीच हवा ढवळतो. वीज गेली की मात्र एक्झॉस्टही थांबतो, म्हणून पट्टी आधी, पंखे नंतर.

मला संताप येतो तो याचा, की तुमच्या कागदांत खिडकी चौकटीसह मोजली जाते, बिल चौरस मीटरवर निघते आणि ती किती उघडते हे तपासायला कोणी येत नाही. समोरची भिंत बंद करण्याचा नकाशा मंजूर करणाऱ्याने "इथून हवा बाहेर कुठून जाणार?" एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर माझी मुलगी त्या फरशीवर पडली नसती. आता ती पाऊस सुरू झाला की वर्गात जायला घाबरते, आणि मी रोज दुपारी फोन हातात धरून बसतो.

शाळांच्या कामांच्या मोजमाप पुस्तकात प्रत्येक वर्गाच्या दोन्ही बाजूंची उघडणारी जागा वेगवेगळी लिहिण्याची सक्ती करा, आणि लहान बाजू कमी पडत असेल तर बिल थांबवा. आमच्या शाळेतल्या त्या भिंतीचे काम दिवाळीच्या सुट्टीत होऊ शकते. मोजमापे मी या पत्रासोबत पाठवली आहेत.

आपला,
एक पालक, कोल्हापूर