भेटीची किंमत नव्हे, पत्ता बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकातला दिवाळीच्या भेटींवरचा लेख वाचला. राग उतरला की लिहू म्हणून एक दिवस थांबले. तो उतरला नाही, म्हणून हे पत्र.

लेखकांचे म्हणणे असे की कंपन्यांनी भेटीच्या रकमेला मर्यादा घालून दिली की प्रश्न मिटतो. मर्यादेच्या आत असेल तो स्नेह, बाहेर जाईल ते संशयास्पद. शिवाय मिठाईच्या खोक्याकडे लाच म्हणून बघणे हा आपल्या सणाचा अपमान आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण पुरवठादाराच्या बाजूला बसून दिवाळीची यादी करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली दिसत नाही.

आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा भागीदारीतला छोटा कारखाना आहे. मोठ्या कंपन्यांचा माल ज्या पाच-प्लाय खोक्यांत भरून जातो, ती आम्ही पुरवतो. कारखाना दीर बघतात, हिशेब माझ्याकडे असतो, आणि दिवाळीची यादीही माझ्याकडेच असते. आमच्या धंद्यातल्या कुणाचीही अशी वही उघडा, तिच्यात दोन याद्या सापडतील. पहिली गेटची: वॉचमन, फोर्कलिफ्ट चालवणारे, माल उतरवून घेणारे माथाडी, स्टोअरमधला क्लार्क. प्रत्येकाला अर्धा किलो मिठाई, टेम्पोबरोबर गेटवर पोचवायची, सगळ्यांदेखत. दुसरी यादी घरपोचची: परचेस, क्वालिटी आणि बिल पास करणारे साहेब. तिथे चांदीचे नाणे, सुकामेवा, गिफ्ट कार्ड. या दुसऱ्या यादीत घरचा पत्ता असतो आणि त्याच्यापुढे शेऱ्याचा रकाना असतो. त्यात लिहिलेले असते, ‘रेट रिव्हिजन जानेवारीत’, ‘मागचे बिल अडकले आहे’. गेटच्या यादीला शेऱ्याचा रकाना नसतो. कारण वॉचमनकडून आम्हाला काहीच करून घ्यायचे नसते. वर्षभर भर उन्हात आमच्या ड्रायव्हरला पाणी देणारा माणूस असतो तो.

स्नेह कुठे संपतो हे मला या दोन याद्यांवरून कळते, रकमेवरून नाही. पाचशे रुपयांची वस्तूसुद्धा रेट ठरवणाऱ्याच्या घरी, रेट ठरायच्या आधी, ऑफिसात कुणाला न कळता गेली तर ती स्नेहाची नाही. मर्यादा घातली की काय होते तेही सांगते. हजाराची मर्यादा असेल तर दुकानदार स्वतःच विचारतो, बिल दोन करू का?

आता मूळ तक्रारीकडे येते. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून, नाव लिहीत नाही, ऐन ऑक्टोबरात सगळ्या पुरवठादारांना मेल आला: आमचे कर्मचारी कोणत्याही भेटी स्वीकारत नाहीत, कृपया पाठवू नयेत. मला मनापासून बरे वाटले. घरपोचची यादी आम्ही त्या कंपनीपुरती बाजूला ठेवली आणि फक्त गेटची खोकी पाठवली. ती परत आली. आमचा ड्रायव्हर सांगत होता, वॉचमनने गेटच्या रजिस्टरमध्ये ‘मिठाई, परत’ अशी नोंद केली, खाली सही केली आणि म्हणाला, आम्हाला सक्त ऑर्डर आहे, वहिनींना सांगा राग मानू नका. त्याच संध्याकाळी परचेसच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, “वहिनी, पॉलिसी आली आहे, तेव्हा ऑफिसला काही पाठवू नका. घरचा पत्ता आहे ना तुमच्याकडे?”

म्हणजे त्या पॉलिसीने काय केले? ज्याच्या हातात काही नाही त्याचे अर्धा किलो पेढे परत पाठवले आणि ज्याच्या हातात सगळे आहे त्याची भेट घरी चालूच ठेवली. पूर्वी निदान ऑफिसलाही एखादे खोके जायचे, ते चारचौघांदेखत टेबलावर फुटायचे आणि अख्खे डिपार्टमेंट खायचे.

आम्ही घरी काही पाठवले नाही. शुभेच्छापत्र पाठवले, कंपनीच्या पत्त्यावर.

त्यानंतरच्या महिन्यांत जे झाले ते लाच म्हणून कुठल्याही कागदावर दिसणार नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याची तपासणी होते ती कागदाचे वजन, बर्स्टिंग स्ट्रेंग्थ म्हणजे फुटण्याआधी पुठ्ठा किती दाब सोसतो ते, आणि ओलावा यांची. पहिल्या दोन गोष्टी खोके बनते तेव्हाच ठरतात, नंतर फारशा बदलत नाहीत. ओलावा मात्र हवेनुसार, गोडाऊननुसार, खोके उन्हात होते की फरशीवर होते यानुसार बदलतो, आणि मीटरची सुई खोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात टोचली यावरही आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पावसाळाभर जो माल बिनबोभाट पास झाला, तोच थंडीत, हवा कोरडी असताना, ओलाव्यासाठी ‘होल्ड’वर जाऊ लागला. होल्ड म्हणजे रिजेक्ट नव्हे. रिजेक्ट केला असता तर कारण लेखी द्यावे लागले असते आणि आम्ही तपासून घेतले असते. होल्डवरचा माल त्यांच्याच गोडाऊनमध्ये पडून राहतो, त्यांच्याच लाइनवर हळूहळू वापरलाही जातो, फक्त जीआरएन निघत नाही. माल मिळाल्याची ती पावती निघाली नाही तर बिल अकाउंट्समध्ये जात नाही, आणि पैसे मिळण्याचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आधी जीआरएन दुसऱ्या दिवशी हातात पडायचा. मग आठवडा-आठवडा लागू लागला. जानेवारीत नव्या रेटसाठी कोटेशन मागवणारा मेल आला तो शेवटच्या तारखेला, दुपारी.

यातली एकही गोष्ट मी सिद्ध करू शकत नाही. म्हणूनच सांगते, संशय घ्यायचा तर भेटीच्या बिलावर घेऊ नका. प्रत्येक पुरवठादाराचा माल पोचल्याची तारीख आणि जीआरएनची तारीख शेजारी शेजारी मांडा, दिवाळीच्या आधीची आणि नंतरची. ही माहिती कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये असतेच. ज्या पुरवठादाराचे अंतर दिवाळीनंतर एकदम वाढले, त्याला बोलावून विचारा.

लेखकांनी कायद्याचा उल्लेख केला आहे, पण अर्धाच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. सण-समारंभाला प्रथेप्रमाणे येणारी भेट त्यांत मान्य आहे, पण ती जवळच्या नातेवाइकाकडून किंवा ज्याच्याशी कामाचा संबंध नाही अशा मित्राकडून. म्हणजे आधी विचारायचे, तुझे माझ्याकडे काम आहे का? रकमेचा प्रश्न त्यानंतरचा. लेखकांनी नेमका हा पहिला प्रश्न गाळला. १९८८ चा लाचलुचपत प्रतिबंधक कायदा तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो. ज्याला द्यायला भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. पण तो कायदा लोकसेवकांसाठी. खासगी कंपनीच्या परचेस ऑफिसरला तो लागत नाही. तिथे आमच्यासारख्यांना आधार म्हणजे कंपनीची स्वतःची पॉलिसी, आणि तिचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

त्यातल्या त्यात एक हत्यार आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी आहे. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात कलम १९४आर आले. धंद्याच्या निमित्ताने एखाद्याला वर्षभरात वीस हजारांहून जास्त किमतीचा लाभ दिला, मग तो वस्तूच्या रूपात का असेना, तर देणाऱ्याने दहा टक्के कर भरला जाईल असे बघायचे. खात्याने परिपत्रकात हॉस्पिटलमधल्या नोकरदार डॉक्टरचे उदाहरण देऊन सांगितले आहे की अशा वेळी लाभ हॉस्पिटलला मिळाला असे धरायचे. हाच न्याय आमच्याकडे लावून बघा. परचेसला आठ हजारांचे नाणे, क्वालिटीला आठ हजारांचे, अकाउंट्सला सहा हजारांचे गिफ्ट कार्ड. तिघे वेगळे धरले तर कुणीच मर्यादेबाहेर नाही. कंपनीच्या नावावर मिळवले तर बावीस हजार, आणि मग मला त्या कंपनीचा पॅन घालून कर भरावा लागेल, तो त्यांच्या करखात्यावर दिसेल, आणि त्यांचा अकाउंट्सवाला विचारील की हे काय मिळाले आपल्याला? जी भेट अशी कंपनीच्या नावावर उघड दाखवायला घेणाऱ्याची हरकत नाही, ती खुशाल द्यावी. पत्ता घरचा मागणारा माणूस पॅन देईल का, हे विचारून बघण्यासारखे आहे.

आता विषय निघालाच आहे तर थकलेल्या बिलांबद्दलही लिहिते, कारण मुळात दोन्ही एकच दुखणे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. ते दिवस जीआरएनपासून मोजायचे असे कायदा कुठेही म्हणत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. इतका स्पष्ट कायदा असून आम्ही व्याज मागत नाही, कारण मागितले की पुढची ऑर्डर येत नाही. लेखक म्हणतात भेट घेऊन गैरफायदा दिला तरच ती लाच. अहो, आम्ही गैरफायदा मागतच नाही. आमचाच माल, आमचेच पैसे, ते वेळेवर सुटावेत म्हणून नाणे द्यायचे असते. हा प्रकार त्यांच्या व्याख्येत कुठे बसतो ते त्यांनी पुढच्या लेखात जरूर लिहावे.

त्या ऑक्टोबरच्या मेलखाली एक ओळ होती: या धोरणाचे उल्लंघन झाल्यास खालील पत्त्यावर कळवा. पत्ता परचेस डिपार्टमेंटचा होता. तो अंतर्गत लेखापरीक्षणाचा असावा आणि गेटवरच्या माणसांची मिठाई या धोरणातून वगळावी, एवढ्या दोन दुरुस्त्या कंपन्यांनी यंदाच्या मेलमध्ये कराव्यात. तुमचे वृत्तपत्र त्यांच्या वरिष्ठांच्या टेबलावर रोज जाते, म्हणून तुमच्यामार्फत सांगते आहे. पत्र छापताना जागेअभावी कापावे लागले तर कायद्याचा भाग कापा, वॉचमनचा ठेवा.

आपली,
एक लघुउद्योजक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. कृपया छापू नये.)