टॉवेल आणि कॅनापोलिस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात अमेरिकेतले कापड कारखाने ‘स्वस्त मजुरीपायी’ आशियात गेले, असा एका वाक्यात निकाल लावला आहे. मी सोलापुरात टर्किश टॉवेलच्या धंद्यात तीस वर्षं काढली. मला हा हिशेब अर्धाच वाटतो.

टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक घट्ट आणि एक सैल. आडवे दोन धागे कापडापासून जरा लांब ठेवले जातात. तिसरा पडला की फणी तिन्ही एकदम ठोकते आणि सैल धागा वर उचलला जाऊन फासा बनतो. हे सगळं यंत्रच करतं. आधुनिक मागांवर एक विणकर कितीतरी माग सांभाळतो. हात लागतात ते पुढे, कडा शिवायला, तपासायला, घड्या घालायला. म्हणून शर्ट-पँटची शिलाई आधी देशाबाहेर गेली, टॉवेल-चादरी बऱ्याच उशिरा.

नॉर्थ कॅरोलिनातलं कॅनापोलिस हे गाव कॅनन कंपनीने टॉवेलवरच वसवलं. घरं कंपनीची, बाजारपेठही कंपनीची. नगरपालिका आली ती थेट 1984 मध्ये. 1997 मध्ये पिलोटेक्स या कंपनीने हा धंदा विकत घेतला, तोही मोठं कर्ज काढून. आयातीने भाव पडत होते आणि व्याज तर भरायचंच होतं. 2000 मध्ये दिवाळखोरी, 2002 मध्ये त्यातून सुटका, आणि 30 जुलै 2003 ला कायमचं टाळं. सहा हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या, त्यातल्या बहुतेक नॉर्थ कॅरोलिनातल्या. कापडाच्या आयातीवर मर्यादा घालणारा देशवार कोटा 1 जानेवारी 2005 ला उठणार, हे धंद्यात सगळ्यांना दहा वर्षं आधीपासून माहीत होतं. म्हणजे दार उघडण्याआधीच हे घर पडलं. मजुरीइतकंच कर्जाने पाडलं, असं माझं मत.

लेखात राहून गेलेली गोष्ट पुढची आहे. नवरा-बायको, कधी कधी मुलगासुद्धा, एकाच गिरणीत. त्यामुळे घरातले सगळे पगार आणि आरोग्य विमा एकाच दिवशी बंद. त्यातल्या कित्येकांनी शाळाही पुरी केलेली नव्हती, कारण गिरणीत त्याची गरजच पडली नव्हती. पन्नाशीतली माणसं सरकारी मदतीवर पुन्हा वर्गात जाऊन बसली. गिरणी पाडून त्या जागी संशोधन केंद्र उभं राहिलं, पण तिथल्या प्रयोगशाळेत विणकराला कोण घेणार? ‘कॅनन’ हे नाव तेवढं विकलं गेलं आणि परदेशात विणलेल्या टॉवेलांवर लागत राहिलं.

आपला,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर