लिफ्ट-स्थितीच्या शॉर्टकटमधील दोष आणि दुरुस्तीची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: आयफोनच्या शेअर शीटवरून ग्रुपला स्थितीचा मेसेज पाठवणारा आपला शॉर्टकट

महोदय,

आमची संस्था पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल करते. तंत्रज्ञाने मशीन रूममध्ये फोटो काढावा, शेअर बटण दाबावे, यादीतून आपला शॉर्टकट निवडावा आणि ठरलेल्या साच्यातला मेसेज देखभालीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जावा, यासाठी आपल्या पॅकेजची वर्गणी आम्ही भरली आहे. मेसेजमध्ये चारच गोष्टी असतात: इमारत, लिफ्टचा क्रमांक, वेळ आणि लिफ्ट चालू की बंद. त्यांपैकी काही गोष्टी आपल्या शॉर्टकटमुळे चुकीच्या जातात किंवा जातच नाहीत. आम्ही शॉर्टकट उघडून एकेक पायरी तपासली आहे, त्यामुळे दोष कुठे आहे तेही येथे लिहीत आहोत.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे मेसेज मध्येच तुटतो. आमच्या एका इमारतीची नोंद यादीत "ए & बी विंग, लिफ्ट #2" अशी आहे. त्या लिफ्टसाठी ग्रुपवर जायला हवा तो मेसेज असा:

```
*लिफ्ट स्थिती*
इमारत: ए & बी विंग, लिफ्ट #2
वेळ: 30/12/2025 09:40
स्थिती: *बंद*, वापरू नये
```

प्रत्यक्षात ग्रुपवर शीर्षक आणि "इमारत: ए" एवढेच उमटते आणि पुढचे सगळे गायब होते. इमारतीच्या नावात & नसेल आणि फक्त #2 असेल, तर मेसेज "लिफ्ट" या शब्दापाशी संपतो. कारण शॉर्टकटच्या शेवटच्या पायऱ्यांत दिसते. आपण सगळा मजकूर `whatsapp://send?text=` या पत्त्याला जोडून `Open URLs` ला देता. अशा पत्त्यात & आले की पुढचा भाग वेगळी माहिती म्हणून धरला जातो, आणि # आले की तिथून पुढचे मजकुरात धरलेच जात नाही. स्पेस आणि नवी ओळ यांच्यासाठी आपण `%20` आणि `%0A` हाताने घातले आहेत, म्हणजे या अडचणीची कल्पना आपल्याला होती. पण & आणि # तसेच राहिले.

हा दोष पटकन लक्षात येत नाही, म्हणूनच तो धोकादायक आहे. तंत्रज्ञाच्या फोनवर चूक झाल्याची सूचना येत नाही. मेसेज गेल्यासारखा दिसतो आणि ग्रुपमध्ये इमारतीच्या नावाची सुरुवातही दिसते. पण "बंद, वापरू नये" ही ओळ नसते, आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला नेमकी तीच हवी असते. स्थितीची ओळ साच्यात सर्वांत शेवटी ठेवल्यामुळे मेसेज कुठेही तुटला तरी पहिला बळी तिचाच जातो. त्यामुळे दुरुस्ती करताना ती ओळ शीर्षकाच्या लगेच खाली घ्यावी, असा आमचा आग्रह आहे.

दुरुस्ती अवघड नाही. मेसेजचा पूर्ण मजकूर आधी एका `Text` पायरीत साध्या स्वरूपात, खऱ्या नव्या ओळींसह लिहावा. त्यानंतर `URL Encode` ही पायरी घ्यावी आणि तिचा निकाल पत्त्याला जोडावा. तेव्हा हाताने घातलेले `%20` आणि `%0A` काढायला विसरू नये. ते राहिले तर % चेही रूपांतर होऊन मेसेजमध्ये "%0A" ही अक्षरेच छापली जातील. तसेच रूपांतर फक्त मजकुराचे करावे. संपूर्ण पत्त्याचे केले तर सुरुवातीचे `://` सुद्धा बदलते आणि व्हॉट्सॲप उघडतच नाही. तपासणीसाठी वरचा "ए & बी विंग, लिफ्ट #2" हाच नमुना वापरावा, कारण त्यात दोन्ही चिन्हे आहेत.

दुसरा दोष वेळेचा आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. शॉर्टकट `Current Date` घेतो, म्हणजे शेअर बटण दाबल्याची वेळ. मशीन रूम बहुतेक इमारतींत गच्चीवर असते आणि तिथे अनेकदा नेटवर्क नसते. तंत्रज्ञ 09:40 ला फोटो काढतो, खाली येऊन 10:25 ला शेअर करतो, आणि मेसेजमध्ये 10:25 छापले जाते. लिफ्ट किती वेळ बंद होती याचा हिशेब सोसायटी याच वेळेवरून करते, त्यामुळे ही पाऊण तासाची तफावत थेट करारावर येते. शॉर्टकटला फोटो मिळतोच आहे, तर `Get Details of Images` मधून `Date Taken` घ्यावे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत काढल्याची मूळ वेळ सहसा राहत नाही. अशा वेळी शॉर्टकटने गुपचूप चालू वेळ टाकू नये. "शेअर केल्याची वेळ" असे स्पष्ट लिहावे.

दुसरा प्रकार वर्षाचा आहे. आपल्या `Format Date` मध्ये साचा असा आहे:

```
dd/MM/YYYY hh:mm
```

मोठ्या अक्षरांतले `YYYY` म्हणजे आठवड्याच्या हिशेबाने येणारे वर्ष. वर्षाचे बहुतेक दिवस ते आणि नेहमीचे वर्ष एकच असते, म्हणून चाचणीत काहीच कळत नाही. फरक वर्षाच्या टोकाला पडतो. 1 जानेवारी 2026 ला गुरुवार आहे, त्यामुळे त्या आठवड्यातला 30 डिसेंबर 2025, मंगळवार, हा दिवस पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मोजला जातो आणि मेसेजमध्ये 30/12/2026 उमटते. देखभालीच्या नोंदवहीत एक वर्ष पुढची तारीख असेल तर ती नोंद पुरावा म्हणून दाखवता येत नाही. याच साच्यातले `hh` हे बारा तासांचे घड्याळ आहे, आणि पुढे सकाळ-दुपार सांगणारे अक्षर नाही. त्यामुळे दुपारी सव्वादोन आणि रात्री सव्वादोन दोन्ही 02:15 असेच दिसतात. रात्री अडकलेल्या माणसाला सोडवल्याची नोंद दुपारची वाटू शकते. योग्य साचा `dd/MM/yyyy HH:mm` हा आहे. चार अक्षरे लहान आणि दोन मोठी करायची आहेत, एवढेच काम आहे.

आता ग्रुपबद्दल. आपल्या माहितीपत्रकात "एका स्पर्शात फोटोसह मेसेज ग्रुपवर" असे लिहिले आहे. `whatsapp://send?text=` हा पत्ता मजकूर भरून व्हॉट्सॲप उघडतो आणि मेसेज कोणाला पाठवायचा ते विचारतो. त्यात ग्रुप आधीपासून ठरवून ठेवण्याची सोय नाही. ग्रुपच्या आमंत्रणाची लिंक वापरली तर ग्रुप उघडतो, पण तिच्यासोबत मजकूर जात नाही. आणि या मार्गाने फोटो तर मुळीच जात नाही. म्हणजे फोटोवरून सुरू केलेल्या कामात फोटोच मागे राहतो. ही मर्यादा आपण निर्माण केलेली नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण ती असताना असे वचन विकणे आम्हाला मान्य नाही. या मर्यादेत राहूनही बरा मार्ग निघतो: मजकूर `Copy to Clipboard` ने कॉपी करावा, मग फोटो `Share` पायरीला द्यावा. तंत्रज्ञ व्हॉट्सॲप आणि ग्रुप निवडतो आणि फोटोखालच्या चौकटीत मजकूर पेस्ट करतो. स्पर्श वाढतात, पण फोटो आणि स्थिती एकत्र पोहोचतात. शिवाय पत्ताच वापरात नसल्याने & आणि # चा प्रश्नही उरत नाही. आम्हाला हाच मार्ग हवा आहे. ज्या ग्राहकांना फक्त मजकूर पाठवायचा आहे, त्यांच्यासाठी वरची `URL Encode` ची दुरुस्ती करावी.

एक लहान गोष्ट. शॉर्टकटच्या पहिल्या पायरीत `If there's no input` समोर `Continue` ठेवलेले आहे. कोणी शेअर शीटऐवजी होम स्क्रीनवरच्या चिन्हावरून शॉर्टकट चालवला, तर फोटो नसतानाही मेसेज तयार होतो. तिथे `Stop and Respond` ठेवून "आधी फोटो निवडा, मग शेअर करा" असा मजकूर द्यावा.

शेवटचा मुद्दा दुरुस्ती फोनपर्यंत पोहोचण्याचा आहे. आपल्या मदत केंद्राने आम्हाला "नवी आवृत्ती लिंकवर टाकली आहे" असे कळवले. पण आयक्लाउड लिंकवरून घेतलेला शॉर्टकट ही त्या क्षणाची प्रत असते. आपण आपल्याकडे बदल केला म्हणून तंत्रज्ञांच्या फोनमधल्या जुन्या प्रती बदलत नाहीत. प्रत्येकाला नवी लिंक उघडून शॉर्टकट पुन्हा घ्यावा लागतो आणि जुना पुसावा लागतो. दोन्ही राहिले तर शेअर शीटच्या यादीत सारख्या नावाच्या दोन ओळी दिसतात आणि घाईत जुनीच दाबली जाते. म्हणून आवृत्तीचा क्रमांक शॉर्टकटच्या नावात आणि मेसेजच्या शेवटच्या ओळीत असावा. मग ग्रुपमधला मेसेज पाहूनच कोणाच्या फोनवर जुनी प्रत आहे ते कळेल. सोसायट्यांची यादीही शॉर्टकटच्या आत कोंबून न ठेवता शॉर्टकट फोनमध्ये घेताना विचारली जावी. त्यासाठी `Import Questions` ची सोय आहेच, आपण ती वापरलेली नाही. आज एक सोसायटी वाढली तरी आम्हाला आपल्याकडून नवी लिंक मागवावी लागते.

आमच्या मागण्या अशा: मेसेज तुटणे आणि तारीख-वेळ यांची दुरुस्ती हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत करावी, कारण या दोन्हींचा संबंध लिफ्ट वापरणाऱ्यांच्या सुरक्षेशी आहे. फोटोसह पाठवण्याचा बदललेला मार्ग, यादीसाठीचे प्रश्न आणि आवृत्तीचा क्रमांक यांसाठी तीस दिवस पुरेसे आहेत. ज्या ग्राहकांनी हाच शॉर्टकट घेतला आहे, त्या सर्वांना दोन्ही दोषांची लेखी सूचना द्यावी. & आणि # असलेली नावे अनेकांच्या यादीत असणार आणि मेसेज तुटत असल्याचे त्यांना ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक आहे. माहितीपत्रकातले "एका स्पर्शात फोटोसह" हे शब्द काढावेत. जे काम शॉर्टकट करूच शकत नव्हता त्यापोटी घेतलेली वर्गणी पुढच्या बिलात वळती करावी.

दुरुस्त शॉर्टकट आल्यावर आम्ही तो वरच्याच नमुन्यावर तपासू: "ए & बी विंग, लिफ्ट #2", 30 डिसेंबर 2025 ची तारीख असलेला फोटो आणि दुपारी बारानंतरची वेळ. या तिन्हींत मेसेज पूर्ण आणि बरोबर आला की तक्रारीचा तांत्रिक भाग मिटला असे आम्ही लेखी कळवू. तोपर्यंत आमचे तंत्रज्ञ स्थिती हाताने टाइप करून पाठवत आहेत.

शॉर्टकटच्या पायऱ्यांची आणि तुटलेल्या मेसेजची स्क्रीनचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,

आपले,
तांत्रिक विभाग
(लिफ्ट देखभाल संस्था, पुणे)