विषय: अठराव्या मिनिटाला बंद पडणारी इंडक्शन शेगडी, E6 आणि तुमची 'बंद' केलेली तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलून फोन ठेवला. तक्रार माझ्या संमतीशिवाय 'निवारण झाले' म्हणून बंद झाली आहे, म्हणून हे पत्र. शेगडी तुमचीच आहे, तेव्हा ती कशी चालते हे तुम्हाला माहीत असेल असं धरून लिहिते.

दोष असा. 2000 वॅटची शेगडी 1800 वर ठेवली की साधारण अठराव्या मिनिटाला शिट्टी वाजते, E6 दिसतं आणि शेगडी बंद. सहा-सात मिनिटं थांबून पुन्हा लावली तर पुढच्या वेळी पाचव्याच मिनिटाला बंद. 1000 वॅटवर मात्र चाळीस मिनिटं निमूट चालते. तुमच्या पुस्तिकेत E0 म्हणजे भांडं ओळखलं नाही, E4 म्हणजे दाब कमी, E5 म्हणजे काच जास्त तापली आणि E6 म्हणजे आतला भाग जास्त तापला. हे मी मुद्दाम तुमच्याच पुस्तिकेतून लिहितेय. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, आणि तुमच्या माणसांना तुमचेसुद्धा ठाऊक नाहीत.

पहिल्या फोनवर विचारलं गेलं, "भांडं कोणतं?" कोड काय, हे विचारलंच नाही. उत्तर दिलं: लोखंडी तळाचं, लोहचुंबक घट्ट चिकटतो, तळ सपाट, गोलाई काचेवरच्या वर्तुळाएवढी. तरी सल्ला आला, भांडं बदला. अहो, भांडं चालणारं नसेल तर शेगडी ते पहिल्या मिनिटातच नाकारते. तळात चुंबकीय धातू नसेल तर कॉइलला भारच सापडत नाही, ती पिप-पिप करते आणि बंद होते. अठरा मिनिटं मुकाट पाणी उकळवून एकोणिसाव्या मिनिटाला तिला भांडं परकं कसं वाटेल? माझ्याकडे एक जुनं भांडं होतं खरं, तापलं की तळ फुगून डुलायचं. त्यावर मधूनमधून E0 यायचं. ते मी स्वतःच बाजूला काढलं. E6 त्यानंतरही तसंच आहे, तीन वेगळ्या भांड्यांवर तसंच आहे.

दुसऱ्या फोनवर भांड्याची जागा व्होल्टेजने घेतली. ठीक, तेही तपासलं. ओळखीच्या वायरमनला बसवून मल्टिमीटर लावला. शेगडी बंद असताना 228 व्होल्ट, 1800 वर चालू असताना 221, आणि E6 आलं त्या क्षणी 220. प्लग हाताला कोमटसुद्धा नव्हता, म्हणजे सॉकेट सैल असल्याचीही शंका नाही. शिवाय दाब खरोखर पडला की काय होतं हे मी पाहिलंय. एका संध्याकाळी 165 झाला, तेव्हा शेगडीने E4 दाखवलं. चालू करून मिनिटभरही झालं नव्हतं, म्हणजे तापण्याचा संबंधच नव्हता, आणि दाब सुधारल्यावर ती लगेच चालू झाली. तिला दोन्हींतला फरक कळतो. तुम्हाला का कळू नये?

दाबाचा आणि तापण्याचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. तेवढेच वॅट कमी दाबावर द्यायचे तर करंट जास्त लागतो. 1800 वॅटला 230 व्होल्टवर आठ अँपिअरच्या आत भागतं, 180 वर दहा लागतात, आणि तो जास्तीचा करंट आतल्या आयजीबीटीला तापवतो. पण माझ्याकडे 220 आहे हो, 180 नाही. तरी "स्टॅबिलायझर घेऊन बघा मॅडम." नऊ अँपिअर ओढणाऱ्या उपकरणाला केवढा स्टॅबिलायझर लागेल, हे सांगायची तसदी घेतली नाही.

मग तिसरा फोन. तो शब्दशः लिहिते, कारण तो मला दोन दिवस झोपू देत नाहीये.

मी: "E6 म्हणजे आतला भाग जास्त तापतोय. पंखा तपासायला माणूस पाठवा."

ते: "मॅडम, शेगडी आहे, गरम होणारच ना."

मी: "काच नाही, आतलं सर्किट. पुस्तिकेत लिहिलंय."

ते: "पुस्तिका सगळ्या मॉडेलना असते."

मी: "म्हणजे माझ्या मॉडेलला लागू नाही?"

ते: (बराच वेळ गाणं वाजलं.) "मॅडम, तुम्ही जरा कमी आचेवर करून बघा."

घेतली 2000 ची, वापरायची 1000 वर. पावतीवरही निम्मेच पैसे लिहायला हवे होते मग.

त्यानंतर तुमचे तंत्रज्ञ आले. दोन ग्लास पाणी ठेवलं, तीन मिनिटांत उकळलं, "चालतंय की" म्हणाले आणि निघाले. अठरा मिनिटांनी दिसणारा दोष तीन मिनिटांत कसा दिसणार? मी थांबा म्हटलं तर पुढचा कॉल होता. तक्रार तिथेच बंद केली गेली. मी पुन्हा सांगते, ती माझ्या संमतीशिवाय बंद केली गेली.

आता मी काय केलं ते वाचा. शेगडीखालच्या हवा घेण्याच्या जाळीपाशी कागदाची पट्टी धरली. सुरुवातीला ती जाळीला ओढली जाते. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास लोंबकळते. मग बाहेरून टेबलफॅनचा झोत त्या जाळीवर सोडला. तेच भांडं, तेच 1800 वॅट, दाब 220. पस्तीस मिनिटं झाली तरी E6 नाही. म्हणजे भांडं निर्दोष, वीज निर्दोष, आणि सेन्सरही उगाच ओरडत नाहीये. तापल्यावर पंखा मंदावतो, आयजीबीटीखालच्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकची उष्णता बाहेर जात नाही आणि सेन्सर आपलं काम चोख करून शेगडी बंद करतो. तुमच्या यंत्रणेत तेवढा एकटा कामसू दिसतो. हीटसिंकवरची पेस्ट सुकली असेल तर तीही बघा. मी शेगडी उघडलेली नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, आणि सील तुटलं म्हणून हमी नाकारायची सोय मी तुम्हाला देणार नाही.

मागणी साधी आहे. पंखा बदला, हीटसिंक आणि तिथला सेन्सर तपासा, आणि माझ्यासमोर 1800 वॅटवर सलग तीस मिनिटं चालवून दाखवा. भांड्यात पाणी भरपूर ठेवा, नाहीतर आटून E5 येईल आणि पुन्हा 'भांडं बदला' सुरू होईल. हे सात दिवसांत झालं नाही तर शेगडी बदलून द्या. तेही नाही झालं तर चारही फोनच्या वेळा, मल्टिमीटरचे फोटो आणि टेबलफॅनचा व्हिडिओ घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. तुमची आधीची शेगडी आमच्याकडे नऊ वर्षं बिनतक्रार चालली, म्हणून डोळे झाकून हीच घेतली होती.

तक्रार पुन्हा उघडल्याचा क्रमांक लेखी कळवा. फोन करू नका.

एक ग्राहक

ता. क. माणूस पाठवाल तेव्हा त्यांना अर्धा तास मोकळा असू द्या. टेबलफॅन बंद ठेवायची जबाबदारी माझी.