सद्या, ती कानाची पाळी

प्रिय सद्या,

दीड वर्ष पत्र नाही, हे कबूल. तब्येत ठीक, गुडघा जुनाच. आज लिहितोय, कारण माझ्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, ‘होतं असं.’ तू तसं म्हणणार नाहीस.

दहा आठवड्यांपूर्वी पस्तिशीचा एक माणूस आला होता. पाठीवर दोनतीन फिकट चट्टे, कडा धूसर, संवेदना शाबूत. नाक सारखं चोंदलेलं. डॉक्टरांनी कुष्ठरोगासाठी त्वचेचा स्मिअर लिहिला. गर्दी होती, म्हणून मी पाठीच्या एकाच चट्ट्यावरून घेतला. चिमटीतली पकड मध्येच सैल झाली आणि रक्त आलं. तरी तीच काच रंगवली. शंभर क्षेत्रं पाहिली, एकही जंतू नाही. निगेटिव्ह लिहून मोकळा झालो. त्याला बुरशीचं मलम मिळालं.

परवा तो परत आला. कानाच्या पाळ्या जाड आणि तुकतुकीत, डाव्या करंगळीला बधिरपणा. या वेळी पाळी बोटांत धरली ती पांढरी पडेपर्यंत सोडली नाही. पाच मिलिमीटर लांब, दोनेक मिलिमीटर खोल चीर, मग पातं आडवं वळवून कडेवर खरवडलं. नुसता पेशीरस, रक्ताचा थेंब नाही. कार्बोल फ्युक्सिन, आम्ल-अल्कोहोल, मेथिलीन ब्लू. भिंग लावलं आणि पोटात गोळाच आला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचे गठ्ठे, एका क्षेत्रात सरासरी चाळीस. म्हणजे आपल्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ४+.

‘रक्ताची काच म्हणजे कोरी काच’ हे तुझंच वाक्य ना? त्यावरून आपलं भांडण झालं होतं आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. तेव्हा मला वाटलं, हा उगाच नखरे करतो.

आता खरी गोष्ट. रात्री झोप येईना, तेव्हा स्वतःच्या बचावाला गणित मांडलं. म्हटलं, तेव्हा जंतू नसतीलच, दहा आठवड्यांत वाढले असतील. पण हा जंतू सुमारे चौदा दिवसांत एकदा दुप्पट होतो. आतड्यातला कोलाय वीस मिनिटांत होतो, याला पंधरवडा! सत्तर दिवसांत पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस पट. आजचे चाळीस भागिले बत्तीस, म्हणजे तेव्हाही क्षेत्रामागे एकाहून जास्त. म्हणजे ३+! आणि हे तो पूर्ण वेगाने वाढला असं धरून. सावकाश वाढला असेल तर तेव्हा आणखी जास्त असणार. बचावाचा साक्षीदारच उलटला. त्या दिवशी ते कानात बसलेलेच होते, मी पाठीवर शोधत होतो.

कानातच का, हे तुला काय सांगायचं. याला सुमारे तीस अंशांचा गारवा मानवतो. म्हणून पाळ्या, नाक, बोटं, आणि कोपराजवळ कातडीलगत जाणारी ती नस. करंगळीचा बधिरपणा तिथूनच. नवपट्टी आर्माडिलोत तो इतका फोफावतो, कारण त्याचं शरीरच थंड. उंदराच्या पंजातही शेपर्डने १९६० मध्ये वाढवला, पण त्यालाही महिने लागतात. काचेच्या बशीत मात्र अजून कुणाला जमलेलं नाही. तुझं ते अंड्याचं माध्यम आठवतं? सहा आठवडे झाकून ठेवलंस आणि शेवटी उगवली ती बुरशी! बिचाऱ्या जंतूची जवळजवळ निम्मी जनुकं मोडून पडलीत, पेशीबाहेर त्याचं घर चालत नाही. हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिला, तरी आपल्याकडे अजून तेच पातं, तीच काच.

म्हणूनच मला जास्त लागलंय. उगवून खात्री करण्याची सोयच नाही, तेव्हा ती एक चीरच सगळं. आणि काचेवर जंतू दिसायला ऊतीत ग्रॅममागे हजारोंनी असावे लागतात, म्हणून निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो! रिपोर्टवर ‘रक्तमिश्रित, पुन्हा घ्यावा’ एवढं लिहायचं होतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. तीन औषधांचा कोर्स सुरू झाला, नसेसाठी स्टिरॉइडही. करंगळीत जोर परत येईल का, ते आताच सांगता येत नाही. जंतू मेले तरी काचेवर वर्षानुवर्षं दिसत राहतात, आकडा वर्षाला जेमतेम एकाने उतरतो. म्हणजे पुढची तीनचार वर्षं हा माणूस माझ्याच पुढ्यात कान धरून बसणार. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. सांगावं का? डॉक्टर म्हणतात ते बघतील. तू काय केलं असतंस?

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार. लेकीने मायक्रो घेतलं असं ऐकलं. तिला चिमटी शिकव आधी.

ती पहिली काच फेकली नाही. काल परत पाहिली, लाल पेशींच्या गर्दीत. दोनशेव्या क्षेत्रात एक काडी सापडली.

तुझा,
बाळ्या