तारकर्लीला संक्रांतीनंतर जाऊ या

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हे सगळं नीट बोलून होत नाही. बाबा दुसऱ्याच वाक्याला "खर्च किती?" विचारतात आणि आई फोन त्यांच्या हातात देऊन मोकळी होते. म्हणून लिहून पाठवतेय.

तारकर्लीला जायचं हे नक्की. फक्त दिवाळीची सुट्टी नको आणि नाताळही नको. बाबा, निवृत्त झालात तरी प्रवास अजून शाळेच्या सुट्ट्या बघूनच ठरवता! तुम्हाला सोमवारीही निघता येतं, आणि भाड्यातला निम्मा फरक तिथेच पडतो.

ज्या घरगुती निवासात आपली खोली बघितली आहे, त्यांच्याशी बोलले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच खोली रात्रीला ४,५०० रुपये. संक्रांतीनंतर, शनिवार-रविवार सोडून, २,२००. दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत तर १,८००. तीन रात्रींचे अनुक्रमे १३,५००, ६,६०० आणि ५,४००. हे ऐकल्यावर बाबा दसऱ्यानंतरच्या दिवसांकडे बोट दाखवणार, म्हणून त्याचंच जरा सविस्तर सांगते.

तेव्हा खोली स्वस्त मिळते त्याला कारण आहे. पाऊस बहुतेक ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणातून निघतो, पण जाताना दुपारी गडगडाट करून जातो. तो गेला की ऑक्टोबरचा उकाडा आहेच, आणि आईला घामाने किती त्रास होतो ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय सगळं सुरू झालेलं नसतं. प्रवासी होड्या मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. सप्टेंबरपासून परवानगी मिळते खरी, पण समुद्र खवळलेला असेल तर त्या दिवशी होडी निघत नाही. नद्यांचं गढूळ पाणी समुद्रात उतरलेलं असतं, त्यामुळे पाण्याखालचंही धड दिसत नाही. ज्यांची खोली घेतोय ते काका स्वतःच म्हणाले, "या की, पण आमची रंगरंगोटी चाललेली असेल, आणि समोरची खानावळ दिवाळीच्या तोंडावर उघडते." कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही ऑक्टोबरमध्ये बरेच दिवस चालू असतं. गाड्या हळू धावतात आणि वेळा बदललेल्या असतात. बाराशे रुपये वाचवायला एवढं कशाला सोसायचं?

जानेवारीच्या मध्यावर यातलं काहीच आड येत नाही. पहाटे शाल लागते, दुपारी ऊन असतं पण अंग चिकचिकत नाही. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाच्या होड्या सुरू असतात, खानावळी उघड्या असतात. किल्ल्याला सकाळीच जाऊ, कारण दुपारनंतर वारा वाढतो, होडी हलते आणि बाबांच्या गुडघ्याला चढउतार जड जाईल. नाताळातली गर्दी गेलेली असल्याने होडीवाला तुम्हाला सावकाश बसू देईल. मासे ताजे मिळतात, सुरमईचा तुकडाही बऱ्यापैकी जाड असतो. हापूस मात्र मिळणार नाही, झाडांवर मोहोर असेल तेवढाच. आंब्यासाठी मे महिन्यात जाऊन दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा पेटी घरी मागवू.

या दिवसांतही दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे २६ जानेवारी. तो शनिवार-रविवारला चिकटून आला की पुण्या-मुंबईची माणसं धावतात आणि भाव परत डिसेंबरचे होतात. त्याच्या आत परत येऊ. दुसरं म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे कॅलेंडरात आधी सापडत नाही. ती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि त्या दिवसांत मालवणात खोली नाही आणि गाडीत जागा नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जाणाऱ्यांचीही तीच गत. म्हणून खोली पक्की करण्याआधी काकांना विचारलं, "तुमच्या पंचक्रोशीत त्या आठवड्यात काही आहे का?" काही नाही म्हणाले.

आता तिकिटं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे आपलं नोव्हेंबरमध्ये. सोमवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या, मंगळवारी सकाळी कुडाळ, तिथून रिक्षाने तारकर्ली. तुम्हा दोघांचं तिकीट वेगळं काढते आणि माझं वेगळं. ज्येष्ठांच्या कोट्यातली खालची बर्थ एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळते. मी तुमच्यात घुसले तर तो कोटा जातो आणि बाबांना वर चढावं लागेल.

खोलीसाठी एका रात्रीचे आगाऊ पैसे द्यायचे आहेत, ते मी भरते. बाबांनी आधार कार्डाचा फोटो पाठवावा, मागच्या वेळचा अस्पष्ट आला होता. आणि आई, सोलकढी पथ्यात चालेल का ते डॉक्टरांना विचारून ठेव.

तुमची,
मनू