दुकानाच्या किमतीबद्दल

तीर्थरूप आई आणि अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की अण्णा गप्प होतात आणि आई जेवणाचं विचारायला लागते, म्हणून लिहितेय. आपलं सलूनचं दुकान थोरल्या कारागिराला द्यायचं मी नक्की केलंय, साडेपाच लाखांना. विश्रामबागच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. अण्णा, तुमच्या मनात बारा लाख होते आणि तो माणूस आठ म्हणत होता, हे मी विसरलेले नाही. मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही ‘आता तूच बघ’ म्हणालात, तेव्हापासून मी हेच बघतेय. आधी सगळं वाचा, मग रागवा. आई, तूच वाचून दाखव. त्यांना डोळे ताणू देऊ नकोस.

अण्णा, तुमचा हिशेब मी तुमच्याच वहीवरून केला. महिन्याचा गल्ला साधारण एक लाख. दोन्ही कारागिरांची निम्मी पत्ती, भाडं, लाइट, ब्लेड, क्रीम, कलर हे सगळं गेलं की तुमच्या हातात ४९ हजार राहतात. त्याचे दोन वर्षांचे बारा लाख, असं तुम्ही धरलंत. पण त्या ४९ हजारांत तुमची मजुरी आहे. पहिल्या खुर्चीवर तुम्ही एकटे महिन्याला ४० हजारांचं काम करता. तिथं उद्या दुसरा माणूस उभा राहिला तर त्याला निम्मे, म्हणजे २० हजार द्यावेच लागतील. मग दुकानाची अशी कमाई २९ हजार. बँकेत कर्जाच्या फाइली बघताना मी मालकाच्या कष्टाचा पगार आधी वजा करते. घेणारा किंमत देतो ती त्यानंतर जे उरतं त्याची, कारण कष्ट तर त्याला स्वतःलाच करायचे असतात.

आता गिऱ्हाइकांचं. धाकट्या कारागिराला मी महिनाभर एक खूण करायला सांगितली होती: दुसरी खुर्ची रिकामी असताना कोण तुमच्यासाठी बाकावर बसून राहतं आणि ‘अण्णा नाहीत? मग उद्या येतो’ असं कोण म्हणतं. तुमच्या खुर्चीचे साधारण एक तृतीयांश लोक तसे निघाले. ते दुकानाचे नाहीत, तुमचे आहेत. तुम्ही थांबलात की ते हळूहळू घराजवळच्या दुकानात जाणार. बाकीचे थोरल्याच्या हाताखाली बसतात, कारण कानामागची कड तो तुमच्यासारखीच मारतो. तुम्हीच शिकवलंय त्याला.

म्हणूनच अण्णा, गुडविलची, म्हणजे नावाची आणि जोडलेल्या गिऱ्हाइकांची किंमत दुकान कोण घेतो त्यावर ठरते. विश्रामबागच्या माणसानं दुकान घेतलं असतं तर थोरला दोन गल्ल्या सोडून स्वतःचं टाकणार होता. त्याची ३५ हजारांची गिऱ्हाइकं त्याच्यामागे गेली असती आणि तुमचीही बरीचशी. हे त्या माणसालाही कळत होतं. म्हणून त्याच्या आठ लाखांतले दोनच लाख आत्ता मिळणार होते. उरलेले सहा लाख एका वर्षानंतर, गिऱ्हाइकं टिकतील त्या प्रमाणात, आणि तोवर तुम्ही रोज सकाळी आठ ते रात्री आठ खुर्चीमागे उभं राहायचं. पायाच्या शिरा तशा फुगलेल्या असताना मी त्यावर सही करू देणार नव्हते. थोरल्यानं घेतलं तर गळती तेवढी एक तृतीयांशच. त्यात दुकानाच्या वाट्याचं नुकसान महिन्याला साडेसहा हजार.

यापेक्षा मला जागेची काळजी जास्त होती. आपल्या करारात दुसऱ्याला जागा देण्याचा हक्क नाही आणि मुदतही सव्वा वर्षच उरली होती. जागा गेली तर आरसे, काउंटर, बेसिन, भिंतीतली नळजोडणी यांना काही किंमत नाही. उखडून नेलं की ती अडगळ. म्हणून किमतीचं बोलायच्या आधी मी मालकांच्या मुलांना भेटले. थोरल्याच्या नावानं साठ महिन्यांचा रजिस्टर करार करायला ते तयार झाले, पण भाडं दोन हजारांनी वाढवून. म्हणजे २९ हजारांतून गळतीचे साडेसहा आणि भाड्याचे दोन गेले. उरले साडेवीस हजार, वर्षाचे २ लाख ४६ हजार.

याची किती पट धरायची? मी दीडपट धरली. तुम्ही दोन म्हणाल. पण अण्णा, दुकान मारुती चौकाजवळ आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आपलं काय झालं, ते आईला विचारा. २०२१ मध्ये परत तेच. घेणाऱ्याला तो धोका मोजावाच लागतो. दीडपटीनं ३ लाख ६९ हजार झाले. खुर्च्या, एसी, इन्व्हर्टर आणि आतलं फर्निचर यांचे १ लाख १५ हजार धरले. तुम्ही खुर्च्यांची पावती काढून ठेवली होतीत, पण जुन्या खुर्चीला पावतीचा भाव येत नाही. तिसरीवर जड माणूस बसला की ती आपोआप खाली येते, तिचं सील गेलंय. ती दुरुस्तीला टाकायची म्हणूनच धरली. मालकाकडची तुमची ५० हजारांची अनामत मिळून ५ लाख ३४ हजार. साडेपाच थोरल्यानंच केले. मी मागितले नव्हते.

अडीच लाख कराराच्या दिवशी आणि बाकीचे महिन्याला दहा हजार, अडीच वर्षं. ते थेट आईच्या खात्यात येतील. औषधं, दूध, गॅस, कामवाली सगळं त्यात बसतं, मी लिहून बघितलंय. बाकी मी आहेच.

अण्णा, दुकान सुटलं म्हणून तुमचं जाणं सुटणार नाही. पहिले तीन महिने बुधवारी आणि शनिवारी सकाळी दोन तास जायचं, बसून राहायचं आणि आलेल्या माणसाला स्वतः थोरल्याच्या खुर्चीवर बसवायचं. गिऱ्हाईक तसंच हातचं हाती दिलं तर टिकतं. बोर्डावर तुमचंच नाव राहणार, ते करारात घातलंय. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची ती फळी मात्र मी यादीतून काढली. तिच्यावर बसवून तुम्ही माझा बॉबकट करायचात आणि मी रडायला लागले की आरशात बघून गाल फुगवायचात. ती माझी आहे. घरी आणून ठेवा.

आता ऐका. घरी ओट्यावर कुणाची दाढी करायची नाही, अगदी शेजारच्या काकांचीही नाही. आपण नाव विकतोय. त्याच भागात तोच धंदा करणार नाही असं तुम्ही लिहून देताय आणि गुडविल विकताना घातलेली अशी अट १८७२ च्या करार कायद्यात चालते. गिऱ्हाइकांकडे असलेला मोबाइल नंबर दुकानाबरोबर जाईल; तुमच्यासाठी नवं सिम मी घेऊन येते. आई, भाड्याच्या पावत्या, अनामतीचा कागद आणि लाइटचं शेवटचं बिल एका पिशवीत काढून ठेव. अण्णांचे पायमोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढव, नंतर उपयोग होत नाही. आणि तू टॉवेलच्या बादल्या उचलणं आजपासून बंद कर. धुलाई थोरल्यानं बाहेर लावलीय.

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून सह्या सोमवारीच ठेवल्यात. मी रविवारी रात्री येते. तोवर थोरल्याशी अबोला धरू नका अण्णा, तो तुम्हाला विचारल्याशिवाय रंगसुद्धा ठरवायला तयार नाही.

तुमची,
लेक